लघवी अडकायची वाट बघू नका: कंबरदुखीत कॉडा इक्विना कसं ओळखायचं आणि पुढचे तास कसे वापरायचे

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर कंबरदुखी आणि सायटिकाच बघतो. कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणजे कमरेतल्या नसांचा झुपका चेपला जाणं, आणि त्याबद्दल लोक एक चूक सारखी करतात आणि ती फक्त पेशंट नाही, फॅमिली डॉक्टर आणि आमच्यासारखे फिजिओपण करतात, ती म्हणजे "लघवी तर होतेय ना, मग काही नाही" असं म्हणून घरी बसवणं. लघवी पूर्ण बंद होणं किंवा कपड्यात होणं ही या आजाराची सुरुवात नाही, तो शेवटाकडचा टप्पा आहे, आणि तिथे पोचल्यावर ऑपरेशन कितीही छान झालं तरी लघवीची पिशवी पहिल्यासारखी होईल याची खात्री कोणीच देत नाही.

पुढचं समजायला लागेल तेवढंच आधी सांगतो. पाठीच्या कण्यातली मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते आणि त्याखाली नसांचा शेपटीसारखा झुपका लोंबत असतो. त्यातल्या अगदी मधल्या, बारीक नसा लघवी, संडास, गुप्तांग आणि बसायच्या जागेची संवेदना सांभाळतात. मणक्यातली गादी एका बाजूला सरकली तर एका पायाची नस दबते, तो नेहमीचा सायटिका. पण मोठा तुकडा बरोबर मधोमध मागे आला, बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये किंवा त्याखालच्या गादीत, तर अख्खा झुपकाच चेपला जातो.

टप्पा १: नीट प्रश्न विचारा, गोल गोल नको

"लघवी-संडास बरोबर आहे ना?" असं विचारलं की शंभरातले नव्वद लोक "हो हो" म्हणून मोकळे होतात, त्यातून सासरे बाजूला बसलेले असले तर सून काय सांगणार. पेशंटला एकटं घ्या, बाई असेल तर बाईने विचारा, आणि प्रश्न असे विचारा की हो-नाहीत उत्तर संपणार नाही.

लघवीचं असं विचारा: लागल्याची जाणीव आधीसारखी होते का, की घड्याळ बघून जावं लागतं? बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो का, जोर द्यावा लागतो का, धार बारीक झाली का? लघवी चालू असताना ती वाहतेय हे आतून कळतं की नुसतं आवाजावरून? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण ज्याला खरंच झालंय तो लगेच थबकतो.

बसायच्या जागेचं: संडासनंतर धुताना पाण्याचा गारवा दोन्हीकडे सारखा कळतो का? गाडीच्या सीटवर बसल्यावर एखादा भाग बधिर, सुजल्यासारखा किंवा आपला नसल्यासारखा वाटतो का? मांड्यांच्या आतली बाजू, गुप्तांग, गुदद्वाराभोवतीचा भाग, सगळं वेगवेगळं विचारा. पुरुषांना ताठरतेबद्दल आणि बायकांना संबंधाच्या वेळच्या संवेदनेबद्दल विचारायला लाजू नका, तुम्ही लाजलात की पेशंट तुमच्यापेक्षा जास्त लाजतो.

पायांचं: दुखणं किंवा मुंग्या एका पायातून दोन्ही पायांत आल्या का? एका पायाचा सायटिका दुसऱ्या पायात उतरला किंवा दोन्ही पाय एकदमच धरले गेले, ही मोठी खूण आहे, बऱ्याचदा लघवीच्या आधी हीच दिसते. पंजा उचलायला जड जातोय, चप्पल पायातून निसटतेय, असं वाढत चाललं असेल तर तेही लिहा.

तपासणी: मऊ टिश्यू घेऊन पेशंटने स्वतः आधी हाताच्या आतल्या बाजूला आणि मग बसायच्या जागेला दोन्हीकडे फिरवावा, फरक वाटला की पुढचा विचार घरी करायचा नाही. फरक वाटला नाही म्हणून सगळं ठीक असंही समजू नका, सुरुवातीला बधिरपणा एकाच बाजूला आणि अगदी छोट्या जागेत असू शकतो.

इशारा: मे महिन्यात आपल्याकडे लघवी कमी झाली की घरचे "उन्हाळी लागली" म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी देतात. उन्हाळीत जळजळ होते आणि जाणीव शाबूत असते. इथे जळजळ नसते आणि जाणीवच कमी होते. कंबर आणि पाय दुखत असताना लघवी बदलली तर दोष उन्हाला देऊ नका.

टप्पा २: वेळ लिहा, पण बरोबर वेळ

कंबर कधी दुखायला लागली ती वेळ इथे कामाची नाही, ती महिन्यांपूर्वीची असू शकते. लघवी, संडास किंवा बसायच्या जागेची संवेदना पहिल्यांदा कधी बदलली, घड्याळ तिथून सुरू होतं. दिवस आणि वेळ कागदावर लिहा, शेवटची नीट, आतून कळलेली लघवी कधी झाली तेही लिहा. कॅज्युअल्टीत गेल्यावर चार जण चार वेळा विचारतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं, मग केस पेपरवर "कंबरदुखी ३ महिने" एवढंच उरतं आणि पेशंट ओपीडीच्या लाइनीत जातो.

त्याच कागदावर चालू औषधं लिहा. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबलिन, अमिट्रिप्टिलिन यांनीही लघवी अडू शकते, वयस्कर पुरुषात प्रोस्टेट वाढलेला असतो, जुन्या शुगरवाल्यांची पिशवी आधीच ढिली असते. पण हे कारण एमआरआय झाल्यानंतर चिकटवायचं, आधी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मोठ्या अक्षरात लिहा, ऑपरेशनवाल्यांना पहिल्यांदा तेच लागतं.

टप्पा ३: कुठे जायचं ते निघायच्या आधी ठरवा

एमआरआय एकीकडे, सर्जन दुसरीकडे आणि भरती तिसरीकडे असं झालं की रात्र तिथेच जाते. म्हणून फोन करून दोनच गोष्टी विचारा: आत्ता या वेळेला एमआरआय चालू आहे का, आणि मणक्याचं ऑपरेशन करणारा ऑर्थो किंवा न्यूरोसर्जन इमर्जन्सीत येतो का. दोन्हीचं उत्तर हो असेल तिथेच जा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी ठिकाणं आहेत, खासगीतही बरीच आहेत, पण कुठेही फोन केल्याशिवाय निघू नका. गडचिरोली-गोंदियाकडून येणाऱ्यांचे तर तासन्‌तास रस्त्यातच जातात, त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरकडून चिठ्ठीवर "कॉडा इक्विनाचा संशय" एवढे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत आणि जिथे जायचंय तिथे डॉक्टरलाच फोन करायला लावावं. गाडी नसेल तर १०८. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला लगेच भेटा, पण पेशंटला आधी आत पाठवा, रेशन कार्ड मागून आणता येतं.

निघताना पेशंटला खाऊ घालू नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. लिटर-लिटर पाणी पाजून "मोकळी होईल" असंही करू नका, बधिर पिशवी तुडुंब भरली की तिचा स्नायू ताणला जातो आणि हे नुकसान नसेच्या नुकसानावर आणखी चढतं.

इशारा: या टप्प्यावर ट्रॅक्शन, मालिश, पाठीवर पाय देणं, हाड बसवणाऱ्याकडे नेणं, सगळं बंद. माझ्या धंद्यातल्या लोकांना मुद्दाम सांगतो, दोन्ही पाय धरलेला पेशंट ट्रॅक्शनच्या टेबलावर चढवायच्या आधी टप्पा १ चे प्रश्न विचारा.

टप्पा ४: लघवी करून झाल्यावर किती उरली ते मोजा

सगळ्यात स्वस्त, पाच मिनिटांची आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी तपासणी हीच. तिला पोस्ट-व्हॉइड रेसिड्युअल म्हणतात, आपण पीव्हीआर म्हणू.

क्रम असा. लघवी लागल्यासारखं वाटेल तेव्हा, किंवा जाणीवच नसेल तर पोचल्यावर लगेच, पेशंटला स्वतःहून करू द्या, शक्यतो बंद टॉयलेटमध्ये, कॅज्युअल्टीच्या पडद्यामागे पॉटवर चांगल्या माणसालापण होत नाही. किती झाली ते मापाच्या भांड्यात मोजा. मग दहा-पंधरा मिनिटांच्या आत ब्लॅडर स्कॅनर लावा. आपल्याकडे स्कॅनर बऱ्याच ठिकाणी नसतो, तिथे साध्या सोनोग्राफीवर तीन मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन हिशोब करता येतो:

```
लांबी × रुंदी × उंची × ०.५२ = उरलेली लघवी (मिली)
९ × ८ × ९ × ०.५२ = सुमारे ३३७ मिली
```

२०० मिलीच्या वर उरली तर संशय खूप वाढतो, एमआरआयला एक मिनिटही थांबायचं नाही. २०० च्या खाली असेल तर शक्यता कमी होते पण संपत नाही. बसायची जागा बधिर आहे आणि पीव्हीआर ८० आला म्हणून घरी पाठवलं, हे चूकच. ज्या पेशंटला सगळ्यात जास्त फायदा मिळणार असतो त्याची पिशवी अजून बऱ्यापैकी रिकामी होत असते, हे लक्षात असू द्या.

इथे दोन घोळ हमखास होतात. एक, सोनोग्राफीच्या रांगेत पेशंट तासभर बसतो, तेवढ्यात पिशवी पुन्हा भरते आणि आकडा खोटा वाढतो. दुसरा जास्त वाईट, कोणीतरी आल्या आल्या कॅथेटर टाकतं आणि थैलीत किती आली ते लिहीतच नाही. कॅथेटर टाकावा लागलाच तर लगेच किती निघाली, टाकताना पेशंटला कळलं का, आणि हलकेच ओढल्यावर आत खेचल्यासारखं जाणवलं का, हे तिन्ही लिहा. पुढच्या सर्जनला त्यातूनच समजतं की पेशंट कुठल्या पायरीवर आहे.

बोटाने गुदद्वाराचा ताण बघायची तपासणी पूर्वीपासून चालत आली आहे. ढिला लागला तर महत्त्वाचं, पण नॉर्मल लागला म्हणून एमआरआय टाळण्याइतकी ती भरवशाची नाही, दोन डॉक्टर दोन उत्तरं देतात.

टप्पा ५: एमआरआय, आजच

इंग्लंडमध्ये २०२३ पासूनच्या राष्ट्रीय पाथवेमध्ये संशय आल्यावर एमआरआयची मागणी केल्यापासून ४ तासांच्या आत तो व्हावा असं धरलेलं आहे, दिवस असो की रात्र. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून मागावं लागतं. फॉर्मवर "कंबरदुखी" लिहिलं तर परवाची तारीख मिळेल, "कॉडा इक्विनाचा संशय, बसायची जागा बधिर, पीव्हीआर ३३७" लिहिलं तर टेक्निशियन स्वतः फोन करतो.

एक्स-रेने हे दिसत नाही. गादी त्यात दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्याने कोणाचं समाधान करू नका. सीटी तेव्हाच, जेव्हा पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय करता येत नाही. गादीसाठी सहसा कॉन्ट्रास्ट लागत नाही, म्हणून क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही. पेशंटला सरळ झोपवत नसेल तर आधी दुखण्याचं इंजेक्शन द्या, नाहीतर अर्ध्यात उठतो आणि फिल्म हलते. घाई असेल तर बाजूने घेतलेला टी-२ आणि संशयाच्या जागेचे आडवे काप एवढ्यातही मोठा तुकडा दिसतो.

तपासणी: टाइप केलेल्या रिपोर्टची वाट बघायची नाही. रेडिओलॉजिस्टने मशीनवरच बघून सर्जनला फोन करायचा, सीडी पेशंटच्या हातात.

संशयावरून केलेल्या बहुतेक एमआरआयमध्ये नसा चेपलेल्या सापडत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे "उगाच सात हजार घातले" असा वाद घरी होणार नाही. आणि कमरेचा एमआरआय साफ आला पण पाय लुळे पडताहेत, लघवी अडली आहे, तर वरच्या मणक्यांचा एमआरआय लागतो, दाब तिथे असू शकतो.

टप्पा ६: ऑपरेशन कधी, आणि पिशवीवर त्याचा काय फरक पडतो

डॉक्टर लोक इथे दोन पायऱ्या मानतात. पहिली अपूर्ण पायरी: लघवी होते, पण जोर देऊन, जाणीव कमी, धार बदललेली. दुसरी रिटेन्शनची पायरी: पिशवी भरल्याचं कळत नाही, स्वतःहून होत नाही, आणि काठोकाठ भरली की थेंब-थेंब गळते, तेही न दुखता. २००२ मध्ये ग्लीव्ह आणि मॅकफर्लेन या सर्जननी ही विभागणी नीट मांडली आणि तेव्हापासून वेळेचा वाद जरा समजण्यासारखा झाला.

त्याआधी २००० मध्ये ३२२ पेशंटचा एकत्र हिशोब मांडणारा एक पेपर आला होता, त्यातून "४८ तासांच्या आत केलं की चांगलं" हे वाक्य सगळीकडे पसरलं. ते वाक्य आपल्याकडे "म्हणजे ४८ तास आहेत" असं ऐकलं जातं. त्या हिशोबावर नंतर टीकाही झाली, की ४८ वर काही फाटक पडत नाही, त्या ४८ च्या आतसुद्धा जितकं लवकर तितकं बरं. पुढे २०१५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात अपूर्ण पायरीवरच्या पेशंटमध्ये २४ तासांच्या आत दाब काढल्यावर पिशवीचा निकाल चांगला दिसला, रिटेन्शनमध्ये गेलेल्यांत मात्र वेळेने तसा ठळक फरक दिसला नाही. यातले बहुतेक अभ्यास मागे वळून फाइली चाळून केलेले आहेत, त्यामुळे तासांच्या आकड्यावर फार वाद घालू नये असं माझं मत. पेशंट कुठल्या पायरीवर असताना टेबलावर जातो, हे आकड्यापेक्षा मोठं आहे.

हे एका बनवलेल्या उदाहरणात बघू. कळमना मार्केटमधला ३८ वर्षांचा हमाल. शुक्रवारी संध्याकाळी पोतं उचलताना कमरेत चमक, उजवा पाय धरला. शनिवार गोळ्यांवर. रविवारी सकाळी डावा पायपण. रविवारी दुपारी ४ ला लघवीला बराच वेळ उभं राहावं लागलं आणि धुताना एका बाजूला पाणी कळलं नाही. घड्याळ इथून, रविवार दुपारी ४.

पहिला रस्ता: बायको रात्री १० ला कॅज्युअल्टीत नेते. लघवी केली १५० मिली, उरली २४०. जाणीव कमी आहे पण आहे. एमआरआय रात्री २ ला, खालच्या गादीचा मोठा तुकडा मधोमध. टीम जमवून सकाळी ७ ला दाब काढला. १५ तास झाले आणि माणूस अपूर्ण पायरीवरच होता. त्याची पिशवी सावरायची शक्यता चांगली.

दुसरा रस्ता: "रात्री कुठे जायचं बा, सकाळी पाहू." सोमवारी सकाळी ६ ला अंथरूण ओलं, ओटीपोट फुगलेलं, पण दुखत काहीच नाही. कॅथेटरने ९०० मिली निघाली, टाकलेला कळलाही नाही. त्याच दिवशी दुपारी ४ ला ऑपरेशन. हेही २४ तासांतच, कागदावर ४८ च्या खूप आत, पण रविवारी रात्री झोपेत त्याची पायरी बदलली. दोन रस्त्यांत ऑपरेशनच्या वेळेचा फरक फक्त ९ तासांचा आहे.

म्हणून अपूर्ण पायरीवरचा पेशंट "अजून लघवी होतेय, उद्या लिस्टवर घेऊ" म्हणून मागे ढकलायचा नसतो, खरी घाई त्याचीच. रिटेन्शनमध्ये गेलेल्यालाही सोडायचं नाही, त्याचा दाबपण लवकरच काढायचा, त्यातल्या काहींची पिशवी परत येते, विशेषतः बसायच्या जागेची थोडी संवेदना शिल्लक असेल तर. रात्री ३ ला अननुभवी हातांनी करायचं की सकाळी ७ ला पूर्ण टीमने, हा निर्णय सर्जनचा, आणि त्यात चार तास जाणं मी समजू शकतो. सोमवारच्या ओपीडीची वाट बघत शनिवारपासून वॉर्डात पडून राहणं मात्र समजण्यासारखं नाही. नुसतं स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन थांबणं हाही पर्याय नाही, मागे आलेला तुकडा त्याने हलत नाही.

सही करताना नातेवाइकांनी एक प्रश्न विचारावा: ऑपरेशनच्या आधी लघवी, संवेदना आणि ताकद कशी होती ते केस पेपरवर लिहिलंय का? नाही लिहिलं तर नंतर "ऑपरेशनने बिघडलं" आणि "आधीच बिघडलेलं होतं" हे भांडण मिटत नाही.

टप्पा ७: ऑपरेशननंतर पिशवीचं काय करायचं

पायाचं दुखणं दुसऱ्याच दिवशी कमी होतं आणि घरचे खुश होतात, पिशवी मात्र सगळ्यात उशिरा येते. महिने लागतात, काहींत वर्ष-दोन वर्षांनंतरही सुधारणा चालू राहते. कॅथेटर काढला आणि लघवी झाली म्हणजे संपलं असं नाही, पुन्हा पीव्हीआर मोजायचा, डिस्चार्जच्या आधी आणि पुढच्या भेटीतही. उरत असेल तर कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ नळी घालून रिकामं करायचं तंत्र शिकवतात, पिशवीत एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. नर्ससमोर आरशात बघून दोनदा करून दाखवा, मगच घरी जा.

पोटावर जोराने दाबून लघवी काढू नका, ती उलटी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. संडास कडक होऊ देऊ नका, भरलेलं आतडं पिशवीला अडवतं. ताप, थंडी वाजणं, गढूळ लघवी असेल तर त्याच दिवशी तपासणी. युरोलॉजिस्टची पहिली भेट डिस्चार्ज कार्डवर तारखेसकट लिहून घ्या, "गरज वाटल्यास" असं लिहिलं असेल तर खोडून तारीख मागा, कारण बधिर पिशवीवाल्याला गरज वाटतच नाही.